एक वर्ष झालं वॉशिंग मशीनला : वीज, सर्व्हिस आणि पिवळे पडलेले पांढरे कपडे

म्हार्दोळची_सून

गेल्या वर्षी चवथीच्या आठ दिवस आधी आम्ही फ्रंट लोड मशीन घेतलं. ७ किलोचं, इन्व्हर्टर मोटरवालं. घरात आम्ही पाच माणसं, त्यातला एक आठवीतला फुटबॉल खेळणारा. आठवड्याला सरासरी पाच धुणी होतात, म्हणजे वर्षात अडीचशेच्या आसपास. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की धागा 'ही कंपनी की ती कंपनी'वर जातो आणि तिथेच मरतो.

आधी चांगलं. कपडे स्वच्छ निघतात आणि आवाज कमी. पावसाळ्यात तर पिळून निघालेली जीन्स पंख्याखाली रात्रीत वाळते. आधीच्या सेमी-ऑटोमॅटिकवर ती तीन दिवस कुबट वास मारायची.

विजेचं : नवऱ्याने १६ अँपिअरच्या सॉकेटला लावायचा मीटर आणला होता, त्यावर मी महिनाभर वहीत आकडे लिहिले. थंड पाण्याचं रोजचं धुणं साधारण ०.१५ यूनिट, ४० अंशांचं ०.४५ आणि ६० अंशांचं ०.९५. आमची बहुतेक धुणी थंडच असतात. वर्षाचे मिळून ६५च्या आत यूनिट होतात. चार रुपये यूनिट धरला तरी २६० रुपये. मी दोनदा बेरीज केली.

आता रडगाणं. मार्चपासून पांढरे कपडे पिवळट पडायला लागले. शाळेचे शर्ट, सासऱ्यांची धोतरं, सगळंच. मी ब्लीच घातलं तर जास्तच पिवळे, काही ठिकाणी तांबूस डाग. एप्रिलमध्ये मशीन अर्ध्यात थांबून पाणी येत नसल्याची खूण दाखवायला लागलं. कंपनीला फोन केला, सहाव्या दिवशी माणूस आला. त्याने नळाखाली हात धरला, झाकण उघडून आत बॅटरी मारली आणि सांगितलं, "मॅडम, तुमचं पाणी हार्ड आहे. व्हॉल्व्ह जाम झालाय. पाण्यामुळे झालेलं वॉरंटीत येत नाही." व्हॉल्व्ह, त्यावर क्षार काढायच्या पावडरीची पाकिटं आणि नळाला लावायचं सॉफ्टनर, असा मिळून चार हजारांच्या वर आकडा दिला. मी नको म्हटलं. तो गेला, मशीन तसंच. पुढे काय झालं ते लिहितेच, पण आधी तुमचे अनुभव सांगा : वर्ष-दोन वर्षांनी तुमच्या मशीनची काय अवस्था आहे, आणि सर्व्हिसवाले हेच सांगतात का?

सुपारीबाग

२६० रुपये वर्षाला? आमच्याकडे एका महिन्यात मुलगा गीझर चालू ठेवून विसरतो त्याचे तेवढे होतात.

मुकुंद_डिचोली

हार्ड पाणी ही खरी समस्या आहे, हसण्यावारी नेऊ नका. माझी मावशी सोलापूरला असते, तिच्या मशीनचा हीटर तीन वर्षांत पांढऱ्या दगडासारखा झाला. पावडर दर दोन महिन्यांनी टाकायलाच हवी. टेक्निशियन बरोबर सांगत होता. फक्त त्याने किंमत जास्त लावली असेल.

फुलपाखरू_८२

मलाही मशीन घ्यायचं आहे. टॉप लोड घेऊ की फ्रंट लोड? बजेट २० हजार. आम्ही दोघंच असतो.

सुपारीबाग

झालं. आता पुढचे चाळीस प्रतिसाद यावरच.

पाण्याचा_माणूस

मी आधी एका रंगाई-धुलाईच्या कारखान्यात पाणी तपासायचं काम केलंय, म्हणून लिहितो. मुकुंदराव, सोलापूरचं पाणी आणि आपलं गोव्याचं पाणी यांत फार फरक आहे. तिकडे काळ्या दगडातलं पाणी, त्यात चुना असतो. आपल्याकडे जांभा. जांभ्यातून झिरपणारं पाणी सहसा हलकं असतं, चुना नावापुरता. त्यात काय असेल तर लोखंड.

म्हार्दोळच्या बाईंना तीन प्रश्न. पहिला, घरी टीडीएस मीटर आहे का? दुसरा, पाणी कुठलं, नळाचं, विहिरीचं की बोअरचं? तिसरा आणि महत्त्वाचा : मार्चमध्ये नक्की काय बदललं? मशीन ऑगस्टपासून चालतंय. सात महिने कपडे पांढरे राहिले आणि मग पिवळे पडले, तर पाण्याचं काहीतरी बदललं असणार. मशीन एकाएकी मन बदलत नाही.

म्हार्दोळची_सून

मीटर आहे, आरओवाल्याने दिलेला. आज पाहिलं तर ४०च्या आसपास. एप्रिलमधलं मला आठवतंय, कारण त्या टेक्निशियनने सॉफ्टनर विकताना मोजून दाखवलं होतं : ९०.

पाणी : ओपाच्या पाणी प्रकल्पाचं नळाला येतं, पण सकाळी दोन तास, आणि ते स्वयंपाकाला. धुण्याला वरच्या टाकीतलं. टाकीत विहिरीचं चढवतो. आणि हो... फेब्रुवारीच्या शेवटी विहीर तळाला जाते, तेव्हापासून पाऊस पडेपर्यंत टाकीत बोअरचं.

अरे देवा.

पाण्याचा_माणूस

सापडलं.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून. त्या सगळ्याचीच बेरीज ९० असेल तर चुना त्याहून जास्त कुठून येणार? ९०ला हार्ड पाणी म्हणणं म्हणजे खिशात नव्वद रुपये असलेल्या माणसाला शंभराची नोट लपवल्याबद्दल पकडणं. तुमच्या हीटरवर पांढरा थर असण्याची शक्यता फार कमी. तो माणूस खोटं बोलत होता असंही मी म्हणणार नाही. त्यांना एकच उत्तर शिकवलेलं असतं.

बोअरचं पाणी खोलवरून येतं, तिथे हवा नसते. अशा पाण्यात लोखंड विरघळलेलं राहतं आणि उपसलं तेव्हा पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. हवा लागली की काही तासांत तेच लोखंड गंजासारखं तांबूस होऊन बाहेर पडतं. उघड्या विहिरीत हे काम आधीच झालेलं असतं, गाळ तळाशी बसतो. म्हणून विहिरीच्या पाण्याने सात महिने काही झालं नाही.

पांढऱ्या बादलीत बोअरचं ताजं पाणी भरून रात्रभर उघडं ठेवा. सकाळी तळाशी गेरूसारखा पातळ थर दिसला तर प्रश्न मिटला.

आणि ब्लीच! क्लोरीनचं ब्लीच हेच काम झटक्यात करतं. पाण्यात विरघळून होतं तेवढं सगळं लोखंड त्याने तुमच्या शर्टावरच गंजवलं. म्हणून ब्लीचनंतर डाग वाढले.

केरीची_मंदा

आमच्या सत्तरी तालुक्यात हे सगळ्यांना माहीत आहे. बोअरच्या पाण्याने लुगडं धुतलं की लाल होतं. आमची आजी पांढरं धुणं घेऊन ओहोळावरच जायची, घरच्या बोअरला हात लावायची नाही. मशीन नव्हतं हो तेव्हा, तरी अक्कल होती.

मुकुंद_डिचोली

ठीक आहे, चुना नाही, मान्य. पण मग पाणी येत नव्हतं त्याचं काय? ते प्रेशरचं असणार. फ्रंट लोडला प्रेशर लागतं. टाकी छपरावर असेल तर पुरत नाही. बूस्टर पंप बसवा, आमच्या शेजाऱ्याने बसवलाय.

म्हार्दोळची_सून

आता पुढची गोष्ट सांगायची वेळ झाली. टेक्निशियन गेल्यावर माझ्या भावाने येऊन काय केलं ते ऐका. तो प्लंबर नाही, बँकेत आहे, पण हात चालतात.

मुकुंदभाऊ, प्रेशरची शंका त्यालाही होती. म्हणून त्याने आधी मशीनकडे जाणारा पाइप मशीनच्या मागून सोडवला आणि दहा लिटरच्या बादलीत धरून नळ पूर्ण सोडला. बादली पन्नास सेकंदांत भरली. म्हणजे पाणी मशीनच्या दारापर्यंत येत होतं, आत जात नव्हतं.

मग त्याने प्लग काढला. मशीनच्या मागे पाइप जिथे बसतो त्या तोंडात बॅटरी मारली. आत बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळी असते, तिला मध्ये पकडायला एक लहान दांडी असते. पक्कडीने हळूच धरून सरळ ओढली, बाहेर आली. अख्खी जाळी तांबड्या लोण्यासारख्या चिखलाने बंद! बोटाला लावलं तर गेरूच. जुन्या टूथब्रशने नळाखाली घासली, तीन मिनिटं. परत बसवली, पाइप हाताने आवळला, नळ सोडून गळत नाही ना पाहिलं. मशीन लावलं, पाणी धो धो. व्हॉल्व्हला काहीच झालं नव्हतं.

चार हजारांचं काम टूथब्रशने झालं. ब्रश मात्र माझा होता, जुना नव्हता, ते नंतर कळलं.

सुपारीबाग

भावाला यंदा ओवाळणीत टूथब्रश मागा.

निवृत्त_वायरमन

पक्कडीने ओढताना जाळी फाटली तर ती तशीच परत घालू नये. फाटक्या जाळीतून खडा व्हॉल्व्हमध्ये गेला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, मशीन बंद असतानाही थेंबथेंब पाणी आत जात राहतं. सकाळी ड्रममध्ये पाणी दिसलं तर हेच समजा. धुणं नसताना नळ बंद ठेवायची सवय लावा.

वास्कोचा_वारा

माझा अनुभव वेगळा. पाणी नळाचं, उत्तम. पण आमची इमारत समुद्राच्या तोंडावर. दीड वर्षात मागचा पत्रा खालून फुगला, रंगाचे पोपडे निघाले. तिसऱ्या पावसात कंट्रोल बोर्ड गेला. वॉरंटी दोन वर्षांची, अडीच वर्षं झालेली. माणूस म्हणाला, मोटरला दहा वर्षांची वॉरंटी आहे. मी म्हटलं, मोटर चालतेय रे, तिला काय करू? बोर्डाचे साडेसात हजार गेले.

दुकानात '१० वर्षं' हे एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि आपण फसतो. ती फक्त मोटरच्या भागाची. गॅस्केट, पाणी बाहेर टाकणारा पंप, बोर्ड, बेअरिंग, यांतलं त्यात काही नाही. इन्व्हर्टर मोटर जाताना मी तरी अजून पाहिलेली नाही.

निवृत्त_वायरमन

तुमच्या बोर्डावर खाऱ्या वाऱ्याइतकाच विजेच्या चढउताराचाही संशय घ्या. पावसाच्या सुरुवातीला वीज जाते-येते तेव्हा प्लग काढून ठेवायचा. बटण बंद करणं पुरत नाही.

अजून एक विचारतो, सगळ्यांनाच. मशीनला ओल्या हाताने, अनवाणी, हात लावल्यावर कोणाला मुंग्या येतात का?

आजीचा_नातू

मला येतात! माझ्या बायकोला नाही येत. मी समजत होतो माझीच तब्येत.

निवृत्त_वायरमन

बायको चपला घालत असेल. तुमची अर्थिंग गेलीय. मशीनच्या आत विजेचा गोंगाट गाळणारा एक भाग असतो, तो थोडा प्रवाह अर्थला सोडतो. अर्थ नसेल तर तो पत्र्यावर येऊन बसतो. मशीन खराब नाही, घराची वायर खराब आहे. आपल्याकडे जांभ्याच्या कातळात अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात ठणठणीत कोरडा पडतो आणि काही कामाचा राहत नाही. कोणा वायरमनकडून अर्थ मोजून घ्या आणि विजेची गळती झाली की लाइन तोडणारा ईएलसीबी आहे का ते पाहा. तोवर मशीन चालू असताना हात लावू नका. मुंग्या हा निरोप असतो, तो ऐकायचा.

आजीचा_नातू

धागा कपड्यांचा आणि जीव वाचला माझा. उद्याच बोलावतो. बायको खरंच चपला घालते.

फुलपाखरू_८२

म्हणजे टॉप लोडला मुंग्या येत नाहीत ना?

सुपारीबाग

🙏

केरीची_मंदा

फुलपाखरू, दोघंच आहात तर साडेसहा किलोचं टॉप लोड घे आणि सुखी हो. पण पाणी जास्त पितं. आमचं एका धुण्याला शंभर लिटरच्या वर घेतं, लेकीचं फ्रंट लोड साधारण निम्म्यात भागवतं. उन्हाळ्यात विहीर आटत असेल तर ते बघ.

पुणेकर_पाहुणा

मूळ धाग्यातल्या विजेच्या आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही. आमच्या पुण्यात ४० अंशांचं धुणं मी मोजलंय, पाऊण यूनिटच्या खाली कधी गेलं नाही. मीटर स्वस्तातला असेल.

पाण्याचा_माणूस

मीटर बरोबर असू शकतो. कधी मोजलंत, डिसेंबरात? तेव्हा पुण्याच्या टाकीतलं पाणी १८-२० अंश असेल. ह्यांच्या टाकीतलं २७-२८. चाळीसला पोचवायला तुम्हाला वीस अंश चढायचे, ह्यांना बारा-तेरा. वीज जाते ती पाणी तापवण्यात, ड्रम फिरवायला फार थोडी लागते. थंड धुण्याचा ०.१५ हा आकडा तेच सांगतो.

पुणेकर_पाहुणा

डिसेंबर. जानेवारी. बरं. मान्य करायला वेळ लागतोय, पण मान्य.

म्हार्दोळची_सून

खर्चाचं मी अर्धवटच लिहिलं होतं, कारण मला स्वतःलाच काल उलगडा झाला. वीज २६० रुपये. पण लिक्विडच्या बाटल्या? मी किराण्याच्या वहीत शोधलं. दोन लिटरच्या सात बाटल्या, म्हणजे वर्षाला २,८००च्या आसपास! विजेच्या दहापट. मी दर धुण्याला टोपण काठोकाठ भरून घालत होते, ते ५५-६० मिली होतं.

पाण्याचा_माणूस

हलक्या पाण्याला एवढं लागत नाही. पाणी जड असेल तर साबणाचा बराच भाग चुन्याशी झटापट करण्यात वाया जातो. तुमच्याकडे ती झटापट नाही, म्हणून सगळा फेस होतो. जास्त फेस झाला की मशीन आपणहून जास्तीचं खळबळतं आणि धुणं लांबतं. न धुतला गेलेला साबण ड्रमच्या मागे चिकटतो, त्यावर बुरशी जमते आणि ऑगस्टमध्ये वास येतो. वास येतो का?

धुतलेलेच कपडे परत ड्रममध्ये घाला, साबण अजिबात नको, थंड पाण्यावर लावा आणि दहा मिनिटांनी काचेतून पाहा. फेस दिसला तर तो आधीचा उरलेला साबण.

म्हार्दोळची_सून

वास येतो. गॅस्केटच्या घडीत काळे ठिपकेही आहेत. आज तुमची परीक्षा केली. काचेवर अर्ध्यापर्यंत फेस! सासूबाई शेजारी उभ्या होत्या, म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही साबणातच वाळत होतो?" एकच वर्ष झालंय, पण सासूबाईंचा हिशेब मोठा असतो.

पाण्याचा_माणूस

२५-३० मिलीवर या. चिखलातले फुटबॉलचे कपडे असतील तर ४०. महिन्यातून एकदा रिकामं मशीन ६० अंशांवर चालवा. एक यूनिटसुद्धा जात नाही, तुम्हीच मोजलंय. धुणं झालं की गॅस्केटची घडी फडक्याने पुसून दार उघडं ठेवा. आधीचे काळे ठिपके पूर्ण जातील असं नाही, रबरात मुरलेले राहतात.

पिवळ्या कपड्यांना : बादलीभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, किराणावाले लिंबूफूल म्हणतात ते. रात्रभर भिजवा, मग नुसत्या पाण्याने खळबळून नेहमीसारखे धुवा. आधी ब्लीच घातलेले कपडे असतील तर भिजवण्यापूर्वी दोनदा साध्या पाण्यातून काढा. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की विषारी वायू निघतो, बंद न्हाणीत तर नकोच. बाजारात गंजाचे डाग काढायचं ऑक्झॅलिक ॲसिडही मिळतं, काम झटपट करतं, पण ते पोटात गेलं तर विष. मुलांच्या घरात मी सुचवणार नाही.

मुकुंद_डिचोली

मी एक कबूल करतो. काल आमच्या बोअरचं पाणी बादलीत ठेवलं होतं. सकाळी तळाला लाल. आणि मी तीन वर्षं दर दोन महिन्यांनी क्षार काढायची पावडर टाकतोय.

तरी एक विचारतो, त्या पावडरीने काहीच फायदा नाही?

पाण्याचा_माणूस

काहीच नाही असं नाही. बहुतेक पावडरींत आम्लच असतं, ते आतला गंजाचा थरही थोडा सोडवतं. म्हणजे तुम्ही चुकीच्या रोगावर औषध घेत होतात आणि थोडा गुण येत होता. वर्षातून दोनदा पुरे. त्याऐवजी ५० ग्रॅम लिंबूफूल रिकाम्या ड्रममध्ये ६० अंशांवर, तेच काम होतं.

वास्कोचा_वारा

सर्व्हिस कराराचं कोणी बोललं नाही. म्हार्दोळकरीण, तुमची दोन वर्षं संपली की फोन येईल, वर्षाला तीन हजारांपर्यंत मागतील. मी म्हणतो घ्या. माझा बोर्ड करारात फुकट झाला असता.

केरीची_मंदा

मी म्हणते घेऊ नका. आमच्या सत्तरीत माणूस यायला दहा दिवस लागतात, करार असो वा नसो. पावसात तर झाड पडलंय, रस्ता बंद, हेच ऐकायचं. तीन वर्षांचे पैसे बाजूला ठेवले तर बोर्ड त्यातच येतो. आणि वाळपईचा एक पोरगा स्वतंत्र काम करतो, तो दुसऱ्या दिवशी येतो.

वास्कोचा_वारा

तुमच्याकडे पोरगा आहे म्हणून. आमच्याकडे तसा पोरगा नाही आणि खारा वारा आहे.

निवृत्त_वायरमन

दोघंही आपापल्या गावापुरते बरोबर. एक मात्र : सर्व्हिसचा नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका. वर येणारे निम्मे नंबर कंपनीचे नसतात, माणूस येतो, चांगला भाग काढून नेतो. वॉरंटी कार्डावरचा किंवा मशीनवर चिकटवलेलाच नंबर लावा.

आजीचा_नातू

वायरमन येऊन गेला. अर्थची वायर खड्ड्यातच तुटलेली होती, गंजून. मशीन घेतल्यापासून म्हणजे चार वर्षं मी मुंग्या खात होतो. धन्यवाद काका.

पुणेकर_पाहुणा

आता मूळ मुद्द्यावर येऊ या का? म्हार्दोळकरीण, बोअरचं काय करणार? गाळायचा फिल्टर लावणार?

पाण्याचा_माणूस

साधा धाग्याचा फिल्टर लावला तर फसाल. बोअरमधून येतानाचं लोखंड विरघळलेलं असतं, ते त्यातून सरळ पार जातं आणि पुढे मशीनमध्ये तांबडं होतं. आधी हवा, मग गाळणं, हा क्रम. बोअरचा पाइप टाकीत वरून, शॉवरसारखा पडेल असा सोडा आणि पाणी रात्रभर थांबू द्या. खालचा गाळ मशीनकडे येऊ नये म्हणून मशीनची लाइन टाकीच्या तळापासून वीतभर वर घ्या. त्यानंतर साधा फिल्टर उपयोगी. लोखंड काढायची खास टाकी मिळते, पण घरगुती वापराला तिचा खर्च मशीनच्या अर्ध्यावर जातो. तुमच्या पाण्यात किती लोखंड आहे ते मोजल्याशिवाय मी तरी घ्या म्हणणार नाही.

म्हार्दोळची_सून

घरात चर्चा झाली. नवरा म्हणतो, शॉवर करू या, पाइपचा खर्च पाचशे. सासरे म्हणतात, मार्च ते मे पांढरे कपडे नळाच्या पाण्यावर धुवा, न्हाणीवर दोनशे लिटरचा पिंप ठेवू, सकाळी भरून घेऊ. पिंपाची उंची मशीनला पुरेल का यावर दोघांचं एकमत नाही. मार्चपर्यंत होईल काहीतरी. सध्या विहीर काठापर्यंत आहे, आज जाळी काढून पाहिली, स्वच्छ निघाली.

मुकुंदभाऊ, आमच्याकडे दर उन्हाळ्यात सासूबाई कुरकुरतात की नळाला पाणी नसलं आणि बोअरचं घेतलं की चहा काळा होतो, पावडर बदला. मी तीन ब्रँड बदलले.

पाण्याचा_माणूस

चहातल्या तुरटपणाची आणि लोखंडाची गाठ पडली की काळंच होतं. जुनी शाई अशीच करायचे. सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर बादलीही लागली नसती.

म्हार्दोळची_सून

हे त्यांना वाचून दाखवणार नाही.

फुलपाखरू_८२

सगळं वाचलं. विहीर आहे, आटत नाही, बोअर नाही. टॉप लोड बुक केलं. आता चपला घालून धुवेन.

पुणेकर_पाहुणा

एकच शेवटचं, म्हार्दोळकरीण. आज परत घ्यायचं झालं तर हेच मशीन घ्याल?

म्हार्दोळची_सून

मशीन हेच घेईन. फक्त घेताना मागे एक हात जागा सोडून बसवून घेईन. भावाला त्या जाळीपर्यंत पोचायला भिंतीत अडकलेलं मशीन दोघांनी ओढावं लागलं आणि फरशीला चरा पडला. तो चरा वॉरंटीत येत नाही, मी विचारलं.